शटर बंद असताना हलणारा बाजार

9 एप्रिल 2025, बुधवार. भारतीय वेळेनुसार रात्रीचे पावणेअकरा वाजून गेले असतील. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चीन सोडून बहुतेक देशांवरचे वाढीव आयातशुल्क 90 दिवसांसाठी स्थगित केल्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्कचा एस अँड पी 500 हा निर्देशांक त्या एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. दुसऱ्या दिवशी जपानचा निक्केई नऊ टक्क्यांच्या वर गेला. आपल्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी महावीर जयंती होती. दलाल स्ट्रीट बंद, वांद्रे-कुर्ला संकुलातलं राष्ट्रीय शेअर बाजाराचं कामकाज बंद. बुधवारी 22,399 वर थांबलेला निफ्टी ही सगळी दिवाळी नुसती बघत बसला.

शुक्रवारी 11 तारखेला बाजार उघडला तेव्हा निफ्टी किती वर उघडला असेल? जेमतेम 296 अंक, म्हणजे सव्वा टक्का आणि थोडं वर. कारण मधल्या गुरुवारी अमेरिकी बाजार पुन्हा साडेतीन टक्क्यांनी घसरला होता. दोन दिवसांची उसळी आणि पडझड यांची वजाबाकी होऊन उरलेली रक्कम तेवढी आपल्या वाट्याला आली. गुरुवारी बाजार सुरू असता तर काही लोकांनी चढ्या भावात विकून नफा घरी नेला असता, आणि काहींनी त्याच चढ्या भावात खरेदी करून शुक्रवारी कपाळावर हात मारला असता. सुट्टीने दोघांनाही ती संधी दिली नाही.

त्या आठवड्याची गंमत इथेच संपत नाही. शुक्रवारनंतर शनिवार-रविवार, आणि सोमवारी 14 एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. पुढच्या शुक्रवारी गुड फ्रायडे. म्हणजे 10 ते 18 एप्रिल या नऊ दिवसांत व्यवहाराचे दिवस फक्त चार. आणि नेमके हेच दिवस जागतिक बाजारांच्या अलीकडच्या इतिहासातले सर्वांत अस्थिर दिवस. सुट्टी, जोडसुट्टी आणि ‘पोझिशन घरी नेणं’ यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही.

आधी ‘गॅप’ म्हणजे काय ते पाहू. आपला शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. उरलेल्या वेळात बातम्या येतच राहतात, फक्त त्या किमतीत उतरू शकत नाहीत. त्या सगळ्या एकदम उतरतात त्या सकाळी नऊ ते सव्वानऊ या पूर्वसत्रात. या वेळात खरेदीच्या आणि विक्रीच्या ऑर्डर गोळा होतात आणि ज्या किमतीला सर्वांत जास्त शेअर हातोहात जातील ती किंमत आरंभीची ठरते. आदल्या दिवशीचा बंद भाव आणि हा नवा भाव यांच्यामध्ये जे अंतर पडतं ते गॅप. या अंतरातल्या एकाही भावाला सौदा झालेला नसतो. मुद्दा नीट लक्षात घ्या: भाव तिथून गेला असं दिसतं, पण तिथे तो क्षणभरही थांबलेला नसतो.

आता 4 एप्रिलच्या शुक्रवारकडे जाऊ. ट्रम्प यांचं शुल्क जाहीर होऊन दोन दिवस झाले होते आणि निफ्टी 22,904 वर बंद झाला. आपला बाजार बंद होण्याच्या सुमारास चीनने अमेरिकी मालावर 34 टक्के प्रतिशुल्क जाहीर केलं. रात्री अमेरिकी बाजार सहा टक्क्यांनी कोसळला. ही काही जोडसुट्टी नव्हती, नेहमीचाच शनिवार-रविवार होता. सोमवारी सकाळी निफ्टी 21,758 वर उघडला. 1,146 अंकांची गॅप, पाच टक्के.

समजा, एका माणसाने शुक्रवारी निफ्टीच्या वायद्याचा एक लॉट खरेदी करून घरी नेला. त्या वेळी लॉट 75 चा होता. वायद्याचा भाव निर्देशांकापेक्षा थोडा वेगळा असतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून निर्देशांकाचेच आकडे धरू. माणूस शिस्तीचा आहे. 22,700 ला स्टॉपलॉस लावायचा हे त्याने ठरवलं आहे. म्हणजे त्याच्या डोक्यात नुकसान आहे सुमारे 200 अंकांचं, पंधरा हजार रुपयांचं. सोमवारी सकाळी 22,700 हा भाव आलाच नाही. बाजार थेट 21,758 वर. नुकसान झालं जवळपास 86 हजार रुपयांचं, ठरवलेल्याच्या साडेपाच पटीहून अधिक.

इथे आणखी एक बारकावा आहे. स्टॉपलॉसच्या ऑर्डरमध्ये बरेच लोक एक ट्रिगर भाव आणि त्याच्या थोडी खाली एक मर्यादा भाव देतात. ट्रिगर 22,700, मर्यादा 22,690. बाजार हळूहळू घसरत असेल तर ही ऑर्डर उत्तम चालते. पण बाजार 21,758 वर उघडला की ट्रिगर लागतो आणि ऑर्डर 22,690 च्या खाली विकायला तयार नसल्यामुळे तशीच पडून राहते. माणसाला वाटतं आपण बाहेर पडलो. खरं तर पोझिशन अजून त्याच्याच नावावर असते. शिवाय साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच जिवंत असते, साडेतीनला ती मरते. शुक्रवारी लावलेली ऑर्डर सोमवारी आपोआप हजर असेल असं गृहीत धरणाऱ्यांची संख्या बरीच मोठी आहे.

त्या सोमवारी पुढे काय झालं? निफ्टीचा दिवसभरातला नीचांक होता 21,743. उघडला त्याच्यापेक्षा फक्त पंधरा अंक खाली. तिथून तो सावरत गेला आणि 22,161 वर बंद झाला. म्हणजे सव्वानऊला घाबरून मिळेल त्या भावाला विकणाऱ्यांनी जवळजवळ तळ गाठून विकलं. गॅपच्या सकाळी पहिली काही मिनिटं अशीच असतात: ज्यांना विकायचं आहे त्यांना मुभा नसते, कारण मार्जिन कमी पडलेलं असतं आणि ब्रोकर फोन करत असतो किंवा न विचारता पोझिशन कापत असतो. समोर विकत घेणारे थोडे, त्यामुळे भाव खरेपणापेक्षा जास्त खाली जातो. अर्थात दर वेळी सावरतोच असं नाही. पण सकाळच्या पहिल्या भावात घबराटीची भर असते, एवढं धरून चालायला हरकत नाही.

आता 15 एप्रिलचं उलट चित्र बघा. तीन दिवसांच्या सुट्टीत अमेरिकेने स्मार्टफोन आणि संगणक वाढीव शुल्कातून वगळले, मोटार कंपन्यांना सवलतीचे संकेत दिले. मंगळवारी निफ्टी 22,828 वरून थेट 23,368 च्या आसपास उघडला, 540 अंक वर. दिवसअखेरीस बंद झाला 23,328 वर. पूर्ण दिवसाची वाढ पाचशे अंक, म्हणजे उघडल्यानंतरच्या सव्वासहा तासांत तो उलट चाळीस अंक उतरला! ज्याने शुक्रवारी काही विकत घेतलं नव्हतं त्याला त्या तेजीतला एक रुपयाही मिळाला नाही. ज्याने शुक्रवारी मंदीची पोझिशन घरी नेली होती त्याला एका लॉटमागे चाळीस हजारांचा फटका बसला. सगळी हालचाल शटर बंद असतानाच झाली.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की सुट्टी जितकी लांब तितकी जोखीम मोठी. तीन दिवस बंद म्हणजे एका रात्रीच्या तिप्पट धोका. हा समज फार पसरलेला आहे, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे.

केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1986 मध्ये याचा हिशेब मांडला. त्यांनी न्यूयॉर्कच्या बाजारांतली 1963 ते 1982 मधली आकडेवारी घेतली आणि शुक्रवारच्या बंद भावापासून सोमवारच्या बंद भावापर्यंत किमती किती हलतात ते मोजलं. मधे तीन दिवस जातात, तेव्हा चढउताराचं माप एका साध्या दिवसाच्या तिप्पट यायला हवं. ते आलं फक्त सुमारे 11 टक्क्यांनी जास्त. मग शंका अशी की शनिवार-रविवारी कंपन्याच बंद असतात, बातम्याच कमी असतात, म्हणून असं असेल. त्याचं उत्तरही त्यांना इतिहासातच मिळालं. 1968 च्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या दलालांकडे शेअर प्रमाणपत्रांच्या कागदांचे इतके ढीग साचले की ते निस्तरायला बाजार बुधवारी बंद ठेवू लागले. कारखाने चालू, बँका चालू, वर्तमानपत्रं चालू, फक्त शेअर बाजार बंद. तरीही मंगळवार ते गुरुवार या दोन दिवसांत किमती जेमतेम एका दिवसाइतक्याच हलल्या. म्हणजे किमती हलतात त्यातला मोठा भाग लोक एकमेकांशी व्यवहार करतात म्हणून हलतो. बाजार बंद असला की तो भाग थांबतो.

मग जोडसुट्टीला घाबरायचं का नाही? घाबरायचं, पण सरासरीला नव्हे. सरासरी सुट्टी निरुपद्रवी असते. वर्षातल्या बहुतेक सोमवारी निफ्टी शुक्रवारच्या आसपासच उघडतो. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एखाद्या सोमवारी पाच टक्के जातात. बाजार चालू असता तरी तेवढीच घसरण झाली असती कदाचित, पण वाटेत 22,700 आला असता, 22,500 आला असता, आणि आपला शिस्तीचा माणूस पंधरा हजार गमावून बाहेर पडला असता. बाजार बंद असला की जोखीम फारशी वाढत नाही, मात्र ती मधेच तोडण्याचं हत्यार हातातून जातं. म्हणून रात्रभर पोझिशन ठेवताना स्टॉपलॉस किती अंकांवर आहे हा प्रश्न गौण ठरतो. खरा प्रश्न पोझिशन किती मोठी आहे हा. पाच टक्के गॅप विरोधात गेली तर रुपयांत किती, आणि ते परवडेल का, हे शुक्रवारी दुपारी तीनच्या आत कागदावर मांडून बघावं लागतं. निफ्टीच्या त्या लॉटची किंमत सतरा लाखांच्या वर होती आणि त्यासाठी भरावं लागणारं मार्जिन सव्वादोन लाखांच्या घरात. पाच टक्के सतरा लाखांवर लागतात, सव्वादोन लाखांवर नव्हे, हे विसरलं जातं.

दुसरं असं की सुट्टीच्या लांबीपेक्षा तिच्या पोटात काय ठरलेलं आहे ते महत्त्वाचं. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत मतदानाचा शेवटचा टप्पा शनिवारी, 1 जूनला होता. मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज त्याच संध्याकाळी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी 22,530 वर बंद झालेला निफ्टी सोमवारी 800 अंक वर उघडला आणि मंगळवारी खरे निकाल येताच सहा टक्के कोसळला. तो साधाच शनिवार-रविवार होता. उलट एखाद्या सणाची चार दिवसांची सुट्टी शांतपणे निघून जाते.

या बंद काळात अगदीच अंधार नसतो. गुजरातच्या गिफ्ट सिटीत निफ्टीचे डॉलरमधले वायदे दिवसातले जवळजवळ 21 तास चालतात, पहाटे पावणेतीनपर्यंत. आपल्या अनेक सुट्ट्यांच्या दिवशीही ते चालू असतात. सकाळी बाजार साधारण कुठे उघडेल याचा अंदाज त्यावरून येतो. पण सामान्य निवासी गुंतवणूकदाराला तिथे सौदा करून आपली इथली पोझिशन सावरता येत नाही. पूर येताना दिसतो, बांध घालता येत नाही.

वस्तू बाजाराची तऱ्हा वेगळी. सोनं, चांदी, कच्चं तेल यांचे वायदे जिथे होतात त्या एमसीएक्सवर कित्येक सुट्ट्या अर्ध्याच असतात. सकाळचं सत्र बंद, संध्याकाळी पाचपासून रात्रीचं सत्र चालू. 10 एप्रिललाही तसंच होतं. सोन्याचा भाव लंडन आणि न्यूयॉर्क ठरवतात, आणि ते बाजार आपल्या संध्याकाळीच जोरात असतात, म्हणून ही सोय. त्यामुळे तिथली गॅप बऱ्याचदा लहान राहते, पण संध्याकाळी पाचच्या ठोक्याला मात्र सावध असावं लागतं.

अर्ध्या दिवसाच्या सत्रांबद्दल बोलायचं तर अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी आणि नाताळच्या आदल्या दिवशी बाजार दुपारी एकलाच बंद होतो. आपल्याकडे त्याहूनही छोटं सत्र आहे, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताचं. फक्त एक तास. हे सत्र सणाचं आहे, लोक शकुनाचे दोन-चार शेअर घेतात, विकायला सहसा कुणी बसत नाही. परदेशी संस्था आणि मोठे फंड फारसे नसतात. त्यामुळे ऑर्डरच्या रांगा विरळ. खरेदीचा सर्वोत्तम भाव आणि विक्रीचा सर्वोत्तम भाव यांच्यातलं अंतर वाढतं, विशेषतः लहान कंपन्यांत. नेहमी ज्या ऑर्डरने भाव हलत नाही तीच ऑर्डर इथे भाव वर ढकलते. अशा वेळी ‘मिळेल त्या भावाला’ ऑर्डर टाकू नये, भाव लिहूनच टाकावी.

आणि त्या तासातल्या तेजीवरून काही ताडू नये. 1 नोव्हेंबर 2024 च्या शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात मुहूर्ताचे सौदे झाले. सेन्सेक्स 335 अंक चढून 79,724 वर गेला. पेढे वाटून झाले. सोमवारी 4 तारखेला तोच सेन्सेक्स 942 अंक पडला. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक दुसऱ्या दिवशी होती आणि परदेशी संस्थांची विक्री आधीपासूनच सुरू होती. त्या एका तासात विकणारे मैदानातच नव्हते, एवढाच त्या 335 अंकांचा अर्थ.

तक्ते बघून सौदे करणाऱ्यांची इथे आणखी एक फसगत होते. नेहमीचा दिवस 375 मिनिटांचा, मुहूर्ताचा साठ मिनिटांचा, म्हणजे साधारण 16 टक्के. पण तक्त्यावर दोन्हींना एकेकच मेणबत्ती मिळते. मुहूर्ताच्या दिवशीची उलाढाल बुटकी दिसते, ती वीस दिवसांच्या सरासरीत मिसळून सरासरी खाली ओढते, आणि नंतरचा अगदी साधा दिवस ‘उलाढाल अचानक वाढली’ म्हणून झळकतो. ज्यांची यंत्रणा ‘कालच्या दुप्पट उलाढाल’ अशी चाळणी लावते तिला तर दिवाळीनंतर सगळा बाजारच फुटून वर निघालेला दिसतो. उपाय सोपा: तो दिवस हिशेबातून वगळायचा, किंवा मिनिटामागे किती उलाढाल झाली ते बघायचं. नाताळच्या आठवड्यात आपला बाजार जवळजवळ सगळे दिवस पूर्ण वेळ चालतो, पण परदेशी संस्थांची माणसं सुट्टीवर असतात, तेव्हाही उलाढालीच्या आकड्यांकडे अशाच सावधपणे बघावं.

आता ऑप्शनकडे. जोडसुट्टी आली की एक युक्ती हमखास कानावर येते: शुक्रवारी ऑप्शन विका, बाजार तीन दिवस बंद, ऑप्शनची किंमत मात्र काळाप्रमाणे झिजत राहणार, मंगळवारी स्वस्तात परत घ्या. ऐकायला फुकटची कमाई. पण हे कॅलेंडर सगळ्यांच्याच भिंतीवर असतं. शुक्रवारी दुपारपर्यंत विकणारे या झिजेचा बराचसा हिस्सा आधीच किमतीतून वजा करून बसलेले असतात. उरतो तो गॅपचा धोका, आणि तो विकणाऱ्याच्या गळ्यात. समजा, कुणी 11 एप्रिलला 22,900 चा कॉल ऑप्शन 200 रुपयांना विकला. मंगळवारी निफ्टी 23,368 वर उघडल्याबरोबर त्या ऑप्शनची नुसती अंगभूत किंमतच 468 झाली. तीन दिवसांची झीज हातात येण्याआधीच लॉटमागे वीस हजारांचं नुकसान. हेच ऑप्शन विकत घेणाऱ्याचं नुकसान जास्तीत जास्त त्याने भरलेल्या प्रीमियमइतकं. म्हणूनच वायद्याची खरेदी घरी नेणारे जाणते लोक सोबत एक पुट ऑप्शन घेतात. पुट गॅपच्या अंतरावरून उडी मारत नाही, तो 22,700 चा असेल तर बाजार 21,758 वर उघडला तरी 22,700 चाच हिशेब देतो. त्याचे पैसे लागतात, आणि शांत सुट्ट्यांमध्ये ते पाण्यात जातात. त्या बदल्यात जे मिळतं ते स्टॉपलॉस रात्री कधीच देऊ शकत नाही.

सुट्टी एक्स्पायरीची तारीखही हलवते. त्या एप्रिलमध्ये निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी असे. गुरुवारी महावीर जयंती आली म्हणून ती एक दिवस अलीकडे, बुधवारी 9 तारखेला झाली. त्याच सकाळी रिझर्व्ह बँकेने रेपो दर सहा टक्क्यांवर आणला होता. ज्यांचे ऑप्शन त्या दुपारी साडेतीनला संपले त्यांच्यासाठी रात्री पावणेअकराची बातमी सात तास उशिरा आली. आता निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी मंगळवारी असते. सोमवारी सुट्टी आली तर शुक्रवारनंतर हातात व्यवहाराचा एकच दिवस उरतो, आणि मंगळवारीच सुट्टी असेल तर एक्स्पायरी सोमवारी. कॅलेंडर न बघता ‘अजून एक दिवस आहे’ असं समजून बसलेले लोक दर वर्षी सापडतात.

शेअर उधारीवर घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. मार्जिन ट्रेडिंगमध्ये ब्रोकरचं व्याज शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशीही चालू असतं. किंमत थांबते, व्याज थांबत नाही.

आणि बाजार चालू पण बँका बंद असा एक तिसरा प्रकार आहे, तो महाराष्ट्रातल्या वाचकांना दर फेब्रुवारीत भेटतो. 19 फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त राज्यात बँकांना सुट्टी असते, पण शेअर बाजार चालतो. सौदे होतात, पैसे आणि शेअर यांची देवाणघेवाण मात्र त्या दिवशी होत नाही. आदल्या दिवशी विकलेल्या शेअरचे पैसे एक दिवस उशिरा खात्यात येतात. कुणाला हप्ता भरायचा असेल, लग्नाच्या हॉलची रक्कम द्यायची असेल, तर या तारखा व्यवहाराच्या सुट्ट्यांच्या यादीत सापडत नाहीत. त्यांची यादी बाजाराच्या संकेतस्थळावर वेगळी असते, ‘सेटलमेंट हॉलिडे’ या नावाने.